गोळी, पोषणयुक्त तांदूळ की परसबाग: रक्तक्षयाचा हिशेब मांडल्यावर दिसते ते

प्रश्न: आमची छोटी संस्था नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या अकरा पाड्यांवर महिलांच्या रक्तक्षयावर काम करते. लोहाच्या गोळ्या सरकार देते, रेशनवर फोर्टिफाइड म्हणजे पोषणयुक्त तांदूळ येतो आणि देणगीदारांना परसबागा हव्या आहेत. आमच्याकडे तीन वर्षांचा मर्यादित निधी आहे. छुपी भूक, म्हणजे पोट भरूनही राहणारी पोषकद्रव्यांची कमतरता, खरोखर कमी व्हायची असेल, तर या तिन्हींपैकी नेमके कशावर खर्च करावा?

उत्तर:

पहिल्या वर्षीचा बहुतेक निधी गोळी घराघरांत खरोखर गिळली जाते की नाही हे पाहणाऱ्या माणसांवर खर्च करावा. तांदळावर जवळजवळ काहीच खर्च करू नये, फक्त त्यावर लक्ष ठेवावे. आहाराचे काम पहिल्याच पावसाळ्यात सुरू करावे, पण त्याचा परिणाम तिसऱ्या वर्षाआधी मोजायला जाऊ नये. असे का, ते मतांपेक्षा एका हिशेबातून लवकर कळते. तो हिशेब मी पेठ, सुरगाणा आणि हरसूल भागातल्या प्रशिक्षणांत फळ्यावर मांडत आलो आहे.

समजा, पंचेचाळीस किलो वजनाची एक तरुण स्त्री आहे आणि तिचे हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटर रक्तामागे १२ ग्रॅमऐवजी ९ ग्रॅम आहे. रक्तातली ही तीन ग्रॅमची तूट भरायला किती लोह लागेल, याचे एक जुने आणि सोपे सूत्र डॉक्टर वापरतात: वजन गुणिले तूट गुणिले २.४. म्हणजे ४५ गुणिले ३ गुणिले २.४, साधारण ३२४ मिलिग्रॅम. शरीरातला राखीव साठा भरायला लागणारे आणखी काहीशे मिलिग्रॅम यात धरलेले नाहीत. या ३२४ मिलिग्रॅमला आपण तिच्यावरचे कर्ज म्हणू.

आता तिचा रोजचा खर्च पाहू. त्वचा, आतडे आणि मासिक पाळी यांतून जाणारे लोह भरून काढायला प्रौढ स्त्रीला दररोज सरासरी १.२ मिलिग्रॅम लोह प्रत्यक्ष शोषले जावे लागते. भात, नागलीची भाकरी, पातळ वरण आणि अधूनमधून भाजी अशा जेवणातून तिच्या पोटात दिवसाला १२ मिलिग्रॅम लोह जात असेल आणि त्यातले आठ टक्के शोषले जात असेल, तर रक्तात पोहोचते ०.९६. रोजची तूट राहते जेमतेम पाव मिलिग्रॅम. ही पाव मिलिग्रॅमची तूट तीन-चार वर्षे साचली की ३२४ चे कर्ज होते. शोषणाचे टक्के व्यक्तीगणिक बदलतात, त्यामुळे हे आकडे काटेकोर धरू नयेत. मात्र कर्ज शेकड्यांत आणि रोजची तूट दशांशात असते, हे त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण बदलत नाही, आणि तिन्ही उपायांमधला फरक त्या प्रमाणातच आहे.

पोषणयुक्त तांदळाचे माप या हिशेबात टाकू. भारतीय मानकाप्रमाणे किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असते, सोबत फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ असते. रेशनच्या यादीतल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते. त्यातला तीन किलो तांदूळ धरला, तर एका व्यक्तीच्या वाट्याला दिवसाला शंभर ग्रॅम येतो, म्हणजे साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास जादा लोह. तांदळात घातलेले लोह हे फेरिक पायरोफॉस्फेट या रूपात असते, कारण ते पांढरे असते आणि दाण्याचा रंग वा चव बिघडवत नाही. पण ते सहज विरघळत नाही आणि म्हणून कमी शोषले जाते. पाच टक्के धरले तर रक्तात पोहोचते ०.१७ मिलिग्रॅम. रोजची पाव मिलिग्रॅमची तूट यातून बरीचशी भरून निघते, ही या तांदळाची खरी कामगिरी आणि ती कमी लेखण्यासारखी नाही. पण ३२४ मिलिग्रॅमचे जुने कर्ज या वेगाने फेडायचे म्हटले तर पाच वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि तेही रोजची तूट दुसऱ्या कशाने तरी आधीच भरली असेल तर. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने पोषणयुक्त तांदळावरच्या अभ्यासांचा २०१९ मध्ये आढावा घेतला, तेव्हा रक्तक्षयाच्या प्रमाणात फारसा फरक दिसला नव्हता. त्याचे मला कधी आश्चर्य वाटले नाही. आजारी माणसाला बरे करण्याचे काम त्या तांदळाकडे मुळात नव्हतेच.

गोळीचे तसे नाही. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते आणि लोहाची भूक असलेले शरीर त्यातले सुमारे दहा टक्के, म्हणजे सहा मिलिग्रॅम घेते. रोज दोन गोळ्या दिल्या तरी शोषण नेमके दुप्पट होत नाही, कारण एका मात्रेनंतर शरीर आतड्याचे दार काही काळ अर्धवट लोटून घेते. तरी आठ मिलिग्रॅम धरायला हरकत नाही. मग कर्ज फिटायला सहा आठवडे लागतात आणि साठा भरायला आणखी तेवढेच, म्हणून उपचाराचा कालावधी तीन महिन्यांचा ठेवलेला आहे. गरोदरपणात तर पर्यायच उरत नाही. एका गरोदरपणाची लोहाची एकूण गरज आठशे ते हजार मिलिग्रॅमच्या घरात जाते आणि तीही बहुतेक शेवटच्या सहा महिन्यांत. कोणतीही भाजी, कोणतेही धान्य आणि कोणताही तांदूळ एवढे लोह एवढ्या वेळात देऊ शकत नाही.

इथे क्षेत्रावर होणारी एक चूक सांगतो, कारण ती नोंदवहीत दिसत नाही. शाळेतल्या मुलींना सोमवारी मिळणारी निळी गोळी आठवड्याला एक असते आणि ती प्रतिबंधासाठी असते. तिचे सात दिवसांवर वाटलेले शोषण दिवसाला एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन ९ आले आहे, तिला ही साप्ताहिक गोळी देत राहणे म्हणजे व्याजापुरता हप्ता भरणे. तिला तीन महिने रोजचा उपचार हवा. मी पाहिलेल्या एका आश्रमशाळेत तपासणीची यादी एका कपाटात आणि गोळ्यांची नोंद दुसऱ्या कपाटात होती. रक्तक्षय आढळलेल्या मुली कोणत्या, हे गोळ्या वाटणाऱ्या बाईंना कोणी सांगितलेच नव्हते. वर्षअखेरीस वाटप शंभर टक्के होते आणि हिमोग्लोबिन होते तिथेच. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन ८ च्या खाली किंवा गरोदर स्त्रीचे ७ च्या खाली असेल, तर पाड्यावर गोळ्या देत थांबू नये. तिला रुग्णालयातच पाठवावे.

गोळी वाटणे आणि गोळी पोटात जाणे यांत मोठे अंतर आहे आणि तुमचा पैसा याच अंतरावर खर्च व्हायला हवा. हरसूलकडच्या एका घरात मी पोहोचलो, तेव्हा सूनबाईंनी आशाताईंच्या समोर गोळी घेतली आणि लगेच कोरा चहा प्यायला. त्यात लपवाछपवी काही नव्हती. गोळीने तोंडाला लोखंडी चव येते, ती घालवायला चहा. पण चहातले टॅनिन लोहाला बांधून टाकते आणि शोषण निम्म्याहून खाली येते. दुसऱ्या एका घरात लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच घोटात जात होती, कारण दोन्ही पट्ट्या एकाच पिशवीत मिळाल्या होत्या. त्या दोन गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचे अंतर लागते. तिसऱ्या घरात गोळ्या पत्र्याच्या डब्यात साठल्या होत्या, कारण पहिल्याच आठवड्यात शौचाला काळे झाले आणि सासूबाईंनी बंद करायला सांगितले. काळी शौच हा गोळी पोटात पोहोचल्याचा पुरावा आहे, हे सासूबाईंनाच आधी सांगायला हवे होते. मळमळ होणाऱ्या बाईला गोळी रात्री, जेवणानंतर थोड्या वेळाने घ्यायला सांगावी. शोषण थोडे कमी होते, पण न घेतलेल्या गोळीचे शोषण शून्य असते.

म्हणून पाडानिहाय एक स्थानिक बाई नेमा आणि तिचे काम नोंदवही भरणे हे नसून रिकाम्या पट्ट्या मोजणे हे ठेवा. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. नीट घेतलेल्या गोळ्यांनी तेवढ्या काळात किमान एक ग्रॅमची वाढ दिसायला हवी. दिसली नाही, तर आधी पट्ट्या मोजाव्यात. पट्ट्या रिकाम्या असूनही वाढ नसेल, तर जंत, बी-१२ ची कमतरता आणि सिकलसेल या तीन दिशांना पाहावे. तुमच्या भागात सिकलसेलची शंका नेहमी मनात ठेवावी आणि ज्यांना थॅलेसेमियासाठी वारंवार रक्त चढवावे लागते त्यांना लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

तपासणीबद्दलही एक सावधगिरी. बोट टोचल्यावर रक्त येईना म्हणून बोट पिळले, की पेशींबाहेरचे पाणी थेंबात मिसळते आणि आकडा खाली येतो. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, बोटाच्या थेंबावरून देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे दिसले. त्याआधीच्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले होते, तेव्हा दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींमध्ये मिळून तो २८ टक्के होता. वयोगट वेगळे आहेत आणि दुसऱ्या आकड्यात मुलगेही आहेत, त्यामुळे ही तुलना सरळ नाही, पण रक्त घेण्याच्या पद्धतीचाही या फरकात वाटा आहे. त्या पोषण सर्वेक्षणात बी-१२ ची कमतरता ३१ टक्के किशोरवयीनांत होती, लोहाच्या २२ टक्क्यांपेक्षा जास्त. तेव्हा तुम्ही आधी आणि नंतर दोन्ही वेळा एकाच पद्धतीने, एकाच ऋतूत आणि शक्यतो एकाच हाताने मोजा. नाहीतर सुधारणा झाली की फक्त बोट कमी पिळले गेले, हे कळणार नाही.

आता तांदळावर लक्ष ठेवणे म्हणजे काय ते सांगतो. पोषणयुक्त दाणा हा तांदळाच्या पिठात लोह आणि जीवनसत्त्वे मळून, यंत्रातून दाबून तांदळाच्याच आकारात काढलेला असतो आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. तो किंचित पिवळट किंवा जास्त पांढरा दिसतो, कधी पाण्यावर तरंगतो, आणि म्हणून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ ही अफवा पाड्यापाड्यांवर पोहोचली आहे. बायका सूप घेऊन बसतात आणि नेमके तेच दाणे निवडून कोंबड्यांना टाकतात. मी सभेत भाषण देण्याऐवजी मूठभर निवडलेले दाणे सगळ्यांसमोर शिजवतो. ते इतर भातासारखे मऊ होतात, बोटांत चुरता येतात आणि तव्यावर टाकले तर प्लास्टिकसारखे वितळत नाहीत, तर करपतात. एवढे पाहिल्यावर निवडणे बरेचसे थांबते. मिश्रण नीट झाले आहे का, हेही घरीच पाहता येते. दुकानदाराच्या काट्यावर शंभर ग्रॅम तांदूळ मोजून त्यातले वेगळे दाणे निवडावेत. साधारण चाळीस-पन्नास निघायला हवेत. एका पोत्यात पाच आणि दुसऱ्यात दीडशे निघाले, तर मिसळण्यात गडबड आहे आणि ती पुरवठा निरीक्षकांच्या कानावर लेखी घालावी.

या तांदळाची एक मर्यादा मात्र तुम्ही दूर करू शकणार नाही. तुमच्या पाड्यांवरची कुटुंबे सुगीनंतर काही महिने घरचाच भात आणि नागली खातात. तो भात गावातल्या गिरणीत सडला जातो आणि त्यात कोणी काही मिसळत नाही. मिठात आयोडीन घालण्याचा प्रयोग यशस्वी झाला, कारण मीठ कोणीच घरी पिकवत नाही, गरीब आणि श्रीमंत जवळजवळ सारखेच खातात आणि ते मोजक्या ठिकाणांहून येते. ग्राहकापर्यंत पोहोचताना दहा लाखांत पंधरा भाग एवढे आयोडीन टिकले, तर दहा ग्रॅम मिठातून दिवसाची १५० मायक्रोग्रॅमची गरज भागते. खाद्यपदार्थात पोषक मिसळण्याचा मार्ग निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की हा पदार्थ इथली बाई विकत घेते की पिकवते.

आहाराकडे येतो, कारण परसबागेबद्दल मी वाईट बोलेन अशी तुम्हाला शंका आली असेल. माझी तक्रार परसबागेवर नाही, बियांच्या पाकिटांवर आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः सुरगाण्याच्या बाजूला पालक, मेथी आणि टोमॅटोच्या बियांची पाकिटे वाटली. पावसाळ्यात फोटो सुंदर आले. फेब्रुवारीत पुन्हा गेलो, तर विहिरीचा तळ दिसत होता, वाफे शेळ्यांनी साफ केले होते आणि निम्म्या घरांना कुलूप होते, कारण मंडळी निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला गेली होती. आपल्या पश्चिम पट्ट्यात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी नसते, हे ठाऊक असूनही आम्ही पाण्यावर जगणाऱ्या भाज्या निवडल्या होत्या.

वरच्या हिशेबाकडे पुन्हा पाहिले, तर त्याहून स्वस्त वाट दिसते. त्या बाईच्या पोटात आधीच १२ मिलिग्रॅम लोह जाते आहे. त्याचे शोषण आठ टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर नेले, तर रक्तात १.२ मिलिग्रॅम पोहोचते आणि रोजची तूट संपते. एकही ग्रॅम जादा लोह न खाता, तांदळाने जेवढे दिले तेवढे किंवा थोडे जास्तच. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. जेवणासोबत क जीवनसत्त्व, आणि चहा जेवणापासून एक-दोन तास दूर. लिंबू ताटात वरून पिळायचे, फोडणीत नाही, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व जाते. जंगलातला आवळा हिवाळ्यात भरपूर मिळतो. तो मीठ लावून सुकवला, तर त्यातले क जीवनसत्त्व इतर फळांच्या मानाने बरेच टिकते, आणि दोन-तीन फोडी जेवताना तोंडात ठेवायला कोणी नाही म्हणत नाही. बागेवर कामाला जाताना ही पुरचुंडी सोबतही नेता येते.

नागलीचेही असेच आहे. शंभर ग्रॅममध्ये चार-साडेचार मिलिग्रॅम लोह असते, पण फायटेट आणि टॅनिन ही नागलीतलीच द्रव्ये ते धरून ठेवतात. नागली रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून दिवसभर मोड आणले, वाळवून हलकी भाजली आणि मग दळली, तर ती पकड सैल होते. आंबवलेल्या आंबिलीतही तेच घडते. तुमच्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायका आंबील अजून करतात. नव्या सुनांनी ती सोडली आहे, कारण चहा झटपट होतो. प्रशिक्षणाला आहारतज्ज्ञ बोलावण्याआधी अशा दोन आजींना मानधन द्या. मोडाचे कुळीथ, भाजीत शेवग्याचा पाला, ओढ्यातले मासे आणि खेकडे हे सगळे आधीपासून खाण्यात आहे. प्रश्न एवढाच, की ते बाईच्या ताटात शेवटी किती उरते. मांस-मासळीतले लोह जास्त शोषले जाते आणि सोबतच्या धान्यातले लोहही अधिक शोषायला मदत करते. अंड्याकडून मात्र लोहाची अपेक्षा ठेवू नये. त्याचा उपयोग बी-१२ आणि अ जीवनसत्त्वासाठी आहे, आणि वर दिलेला ३१ टक्क्यांचा आकडा पाहता तोही मोठा आहे. अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत मिळणारे गरम जेवण ही या भागातली आहारवैविध्याची सर्वांत खात्रीची जागा आहे. तिथे वाढताना लिंबाची फोड ताटात यावी आणि चहा जेवणानंतर लगेच मिळू नये, एवढे जरी तुम्ही घडवून आणले तरी देणगीदाराला दाखवण्यासारखा बदल आहे.

देणगीदाराला परसबाग हवीच असेल, तर भाजीऐवजी झाडे सुचवा. लिंबू, पेरू, शेवगा आणि आवळा यांची रोपे पहिल्याच जूनमध्ये, सांडपाण्याच्या उताराला लावायची आणि काटेरी कुंपणाचा खर्च रोपांच्या खर्चापेक्षा जास्त धरायचा. शेवग्याचा पाला वर्षभरात तोडता येतो, पेरूला दोन-तीन वर्षे आणि लिंबाला तीन-चार वर्षे लागतात. म्हणूनच हे काम तिसऱ्या वर्षावर ढकलता येत नाही.

राहिला स्थलांतराचा प्रश्न. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की बायका खाली उतरू लागतात आणि द्राक्षांची काढणी संपेपर्यंत येऊन-जाऊन असतात. या काळात गोळ्यांच्या कार्डावर ‘गावात नाही’ असे लिहिले जाते आणि उपचार दुसऱ्या महिन्यात तुटतो. शिधापत्रिकेवरचे धान्य आता दुसऱ्या ठिकाणीही उचलता येते, गोळीला तशी आपोआप सोय नाही. म्हणून उपचाराचे तीन महिने जुलै ते सप्टेंबरमध्ये बसवा. तेव्हा भातलावणीची आणि नागली लावण्याची घाई असते, पण बाई गावात असते. जी त्या काळात सुटेल तिला निघताना पुरेशा पट्ट्या, मुकादमाचा फोन नंबर आणि आवळ्याची पुरचुंडी द्या, आणि चौथ्या आठवड्याची तपासणी बागेजवळच्या उपकेंद्रात करून घ्या. तिथल्या परिचारिकेशी दसऱ्याआधी एकदा जाऊन बोलावे लागते. फोनवर हे काम होत नाही.